ध्वनिवर्णनात ‘ती घाबरते’ असे लिहावे का?

नवलेखक: एका लघुपटाचे ध्वनिवर्णन, म्हणजे अंध प्रेक्षकांना संवादांच्या मधल्या जागेत ऐकवायचे दृश्यांचे वर्णन, लिहीत आहे. दारावर थाप पडते, त्यानंतर पाच सेकंदांनी नायिका बोलते. तेवढ्यात ती पत्राची घडी करून ते गादीखाली सरकवते आणि आरशात पाहून डोळे पुसते. ‘ती घाबरते’ एवढे लिहून मोकळे व्हावे का?

काटेकोर: मुळीच नाही. भावना हा निष्कर्ष असतो आणि तो श्रोत्याने काढायचा असतो. भुवया उंचावल्या, ओठ थरथरले, असे पडद्यावर जे दिसते तेच लिहावे.

उपशीर्षककार: आम्ही कर्णबधिरांसाठी ‘दारावर थाप’ असे लिहितो. तेवढे लिहायला विसरू नका.

जुनी लेखणी: थाप ऐकू येतेच, त्यामुळे तिच्यावर एकही शब्द खर्चू नये. संथ वाचनात सेकंदाला दोन-अडीच शब्द बसतात. थाप आणि संवाद यांना थोडी मोकळीक ठेवली की हातात चार सेकंद, म्हणजे जेमतेम नऊ शब्द उरतात. ‘पत्र घाईने गादीखाली सरकवून ती आरशात पाहत डोळे पुसते’ हे वाक्य त्यात बसते. मात्र एकदा चित्रासोबत मोठ्याने वाचून पाहा, कारण जोडाक्षरे आणि लांब शब्द हे गणित हमखास बिघडवतात. शेवटचा शब्द संवादावर चढत असेल तर ‘आरशात पाहत’ काढा, पण पुढे कोणाला पत्र सापडणार असेल तर ‘गादीखाली’ हा शब्द कोणत्याही परिस्थितीत काढू नका. ‘घाईने’ हाही अर्थ लावणेच आहे, काटेकोर, पण तो हातांच्या हालचालीत उघड दिसतो.

कानसेन: मी जन्मांध आहे. उंचावलेल्या भुवईवरून माझ्या मनात काहीच उभे राहत नाही. ‘घाबरून’ म्हटले की लगेच कळते. ज्यांनी पूर्वी पाहिले आहे त्यांचे वेगळे असेल. मला खरा राग येतो तो गुपित फोडल्याचा. एका रहस्यपटात दाराबाहेरच्या माणसाचा चेहरा अंधारात असताना वर्णनाने त्याचे नाव सांगून टाकले आणि पुढची पाऊण तासाची उत्सुकता तिथेच संपली.

काटेकोर: गुपिताबद्दल पूर्ण सहमत. पण तिचा चेहरा दिग्दर्शकाने मुद्दाम संदिग्ध ठेवला असेल तर? ती घाबरली की तिला अपराधी वाटले, हे मी ठरवले तर माझाच चित्रपट तुम्हाला ऐकवल्यासारखे होईल.

नवलेखक: चित्र क्षणभर थांबवून वर्णन पूर्ण करता येणार नाही का?

जुनी लेखणी: संकेतस्थळावरच्या व्हिडिओत येते; चित्रपटगृहात सर्वांसोबत बसलेल्यांसाठी ते शक्य नाही. शिवाय या प्रसंगात थांबलात तर थाप आणि उत्तर यांच्यातला ताणच सैल होईल.

कानसेन: ताण सैल झाला तरी चालेल, पत्र कुठे गेले ते मला कळू दे. आणि संदिग्ध चेहऱ्यासाठी ‘ती दचकते’ म्हणा ना.

काटेकोर: ‘दचकते’ मी लिहीन, पण ती खरोखर दचकलेली दिसली तरच.