मदत हवी आहे: डिस्क १००% दाखवतंय, पीसी ठप्प

वैतागलेला_बाबा: टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सारखी ९८-१००%, लाल झालेली. फोल्डर उघडायला मिनिटभर लागतो. C मध्ये २०० जीबी रिकामी आहे तरी फुल कशी?? पोरीचा प्रोजेक्ट उद्या द्यायचाय, लवकर सांगा.

सुमेध_ठाणे: रिसायकल बिन आणि टेम्प फाइल्स उडवा, जागा होईल.

जुना_मेकॅनिक: अहो जागेचा प्रश्नच नाहीये, ते २०० जीबी म्हणतायत की. तो आकडा म्हणजे डिस्क किती वेळ कामात अडकलीये ते. बाबा, रॅम किती? परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक केलं की वाचण्या-लिहिण्याचा स्पीड किती दिसतो?

पंक्या: एवढं कशाला, services.msc मध्ये जाऊन SysMain बंद करा, ती प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सर्व्हिस आहे. माझं एका मिनिटात झालं.

वैतागलेला_बाबा: केलं बंद. दहा मिनिटं बरं चाललं, परत तेच. विंडोज १०, रॅम ४ जीबी. स्पीड २ एमबीच्या आसपास.

जुना_मेकॅनिक: २ एमबीलाच १००% म्हणजे हार्डडिस्कचं हेड इकडून तिकडे नुसतं पळतंय, इथला तुकडा वाच, तिथला वाच. एक मोठी फाइल सलग कॉपी केली तर हीच डिस्क बरीच पळेल. आता विंडोज+R दाबून `resmon` टाका, डिस्क टॅबमध्ये डिस्क ॲक्टिव्हिटी उघडा आणि कुठली फाइल सगळ्यात वर येते ते सांगा.

रोहिणी_के: माझ्या लॅपटॉपचा पंखा फार आवाज करतो, तेही ह्यानेच का?

वैतागलेला_बाबा: वर C:\pagefile.sys आहे, दोन-तीनदा. व्हायरस आहे का?

जुना_मेकॅनिक: व्हायरस नाही. रॅम भरली की विंडोज उरलेलं ह्या फाइलमध्ये ठेवतं आणि लागलं की परत उचलतं, सगळा फेरा डिस्कवरून. क्रोममध्ये किती टॅब उघडेत?

वैतागलेला_बाबा: तीसेक असतील. पोरीचे यूट्यूबचे वेगळे.

पंक्या: मग पेजफाइलच बंद करून टाका ना!

जुना_मेकॅनिक: अजिबात नको, ४ जीबीवर मेमरी संपली की प्रोग्राम धडाधड बंद पडतील, प्रोजेक्टसकट. आज रात्री पाच-सहा टॅब ठेवा. नंतर आणखी ४ जीबी रॅम घाला.

सुमेध_ठाणे: रॅमने काय होणार, एसएसडी टाका.

जुना_मेकॅनिक: एसएसडीने फरक पडेलच, पण ४ जीबी तशीच ठेवलीत तर अदलाबदल चालूच राहणार. आणि खर्च करायच्या आधी परफॉर्मन्समध्येच ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम बघा. टॅब बंद करून, काही चालू नसतानाही तो हजार मिलिसेकंदांच्या वर उड्या मारत असेल तर डिस्कच आजारी असू शकते, मग पहिला बॅकअप.

वैतागलेला_बाबा: टॅब बंद केले, ३५% वर आलं!! पण रिस्पॉन्स टाइम मधूनच १४०० दाखवतो, मग परत ३०. हे आजारी धरायचं का?

जुना_मेकॅनिक: प्रोजेक्ट आत्ताच्या आत्ता पेनड्राइव्हवर घ्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये C5 च्या ओळीत, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या सेक्टरच्या ओळीत, काय येतं ते उद्या टाका.

रोहिणी_के: पंख्याचं कुणी सांगेल का?