मदत हवी आहे: पार्सल डिलिव्हरीत तासाला नक्की किती सुटतात? (बाईक, पुणे)

कर्वेनगरचा_पक्या
मंडळी पटकन सांगा, उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. मी बाईकवर पार्सल पोचवायचं काम करतो, अॅपवरून. घराजवळच्या मेडिकलमध्ये नोकरी मिळतीये, हातात 15 हजार, 9 तास, रविवार सुट्टी. म्हणजे तासाला 64 रुपये पडतात. मला तर इकडे तासाला 190 सुटतात, शनिवारचा हिशेब केला, 920 मिळाले, त्यातून पेट्रोल गेलं 123, उरलेल्याला सव्वाचार तासांनी भागलं. वडील म्हणतात तुझा हिशेब गंडलाय, एवढे सुटतात तर महिनाअखेरीला माझ्याकडे उसने का मागतोस. कुठे गंडलाय ते कोणी सांगेल का? भाषण नको, आकडे सांगा.

माझी_स्प्लेंडर
कुठली गाडी? अॅव्हरेज किती धरलं? 123 चं पेट्रोल म्हणजे किती किलोमीटर?

कर्वेनगरचा_पक्या
100 सीसी आहे, अॅव्हरेज 60. अॅपमध्ये 71 किमी दाखवले. पेट्रोल 104 धरलंय.

ई_गाडीवाला_नितीन
भाऊ पेट्रोलच्या भानगडीत पडताच कशाला, ई-स्कूटर भाड्याने घ्या. मी आठवड्याला 1,500 भरतो, बॅटरी बदलून मिळते, सर्व्हिसिंग त्यांचं, आपल्याला काही बघायचं नाही. सहा महिने झाले पंपावर गेलो नाही.

माझी_स्प्लेंडर
नितीनराव, त्याने गाडी कुठली घेऊ असं विचारलंय का? आणि तुम्ही आठवडाभर आजारी पडलात तरी 1,500 जातातच ना.

ई_गाडीवाला_नितीन
जातात, पण रोजचं पेट्रोल धरलं तर तरी स्वस्तच पडतं, करून बघा हिशेब.

हिशेबनीस_माई
पक्या, आधी चार गोष्टी सांग. शनिवारी अॅप ऑन कधी केलंस आणि बंद कधी केलंस? सकाळी आणि रात्री गाडीच्या मीटरचं रीडिंग काय होतं? ऑर्डर किती झाल्या? आणि ते 920 कमिशन कापून आहेत की कापायचे आहेत? मी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बरीच वर्षं हिशेब लिहिलेत, तिथल्या ड्रायव्हरांचीसुद्धा नेमकी हीच गफलत व्हायची.

कर्वेनगरचा_पक्या
दुपारी 12 ते रात्री 8. ऑर्डर 14. रीडिंग कोण बघतं ओ ताई, पण शनिवारी निघताना टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य केला होता, रात्री 118 होता. कमिशन 20 टक्के आहे, गिऱ्हाईकांनी मिळून 1,150 दिले, त्यातले 230 अॅपचे, म्हणून 920. ते मी धरलंच आहे. पण वॉलेटमध्ये 220 च दिसत होते, ते पण कळेना.

हिशेबनीस_माई
220 चं सोपं आहे. बऱ्याच गिऱ्हाईकांनी रोख दिले असणार. 1,150 पैकी 700 तुझ्या खिशात आले आणि 450 ऑनलाइन, असं धर. कमिशन मात्र सगळ्या 1,150 वर आणि ते अॅप त्यांच्याकडच्या पैशातून कापतं, 450 वजा 230, राहिले 220. खिशातले 700 मिळवले की तुझे 920 बरोबर जुळतात. कमिशन दुसऱ्यांदा वजा करू नकोस. रोख पैसे पंपावर, चहाला, घरी येताना भाजीला जातात आणि आठवड्याचा पेआउट बघितला की वाटतं अॅपने लुटलं. वडिलांकडे उसने मागायची वेळ येते त्यात याचाही वाटा आहे.

आता खरी गोम. तू सव्वाचार तास धरलेस ते पार्सल हातात आल्यापासून पोचवेपर्यंतचे. पण तू बाहेर होतास 8 तास. ऑर्डर वाजली की दुकानापर्यंत जायचं, दुकानदार पॅक करेपर्यंत थांबायचं, पोचवलं की पुढची वाजेपर्यंत नळस्टॉपला गाडी लावून बसायचं, तो वेळ कुठे गेला? तसंच किलोमीटरचं. अॅपने 71 दाखवले, गाडी पळाली 118. मधले 47 किमी रिकामे गेलेत, पेट्रोल त्यालाही लागलंच.

माझी_स्प्लेंडर
आणि 60 चं अॅव्हरेज पेठांमध्ये विसरा. रविवार पेठेत फर्स्ट-सेकंडवर चालवली, सिग्नलला चालू ठेवली की 45 च्या आसपासच येतं. त्याच पंपावर परत फुल करा, नोझल स्वतःहून बंद होतो तिथे थांबा, वर पिळून भरू नका, आणि जेवढं बसलं त्याने मधल्या किलोमीटरला भागा. एका दिवसावर जाऊ नका, चारपाच दिवस चालवून बघा, म्हणजे थोडंफार कमीजास्त भरलं तरी फरक पडत नाही.

हिशेबनीस_माई
बरोबर. मग 45 ने धरू. 118 किमीला साधारण 273 चं पेट्रोल. टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू याचे किलोमीटरला 80 पैसे धरते, ते झाले 94. 920 मधून दोन्ही काढले की 553 उरतात. त्याला 8 ने भाग, तासाला 69. ऑर्डरमागे साधारण 39-40 रुपये, आणि एका ऑर्डरला तुझी 18 नाही, 34 मिनिटं जातात.

कर्वेनगरचा_पक्या
69??? 190 चे 69? मग मेडिकलच्या 64 च्या बरोबरच की. गाडीचा हप्ता तर अजून धरलाच नाही, 3,400 आहे.

डेक्कन_कट्टा
हप्ता धरायलाच पाहिजे! 26 दिवसांनी भागले की रोजचे 130, तासाचे 16, म्हणजे 53 राहिले. नोकरी धर आणि मोकळा हो.

हिशेबनीस_माई
एवढी घाई नको. मेडिकलला लागला तरी ती गाडी विकणार आहे का तो? नसेल विकत तर हप्ता दोन्हीकडे सारखाच जाणार, मग तो फक्त एका बाजूला का टाकायचा? गाडी याच कामासाठी घेतली असेल आणि सोडल्यावर विकणार असेल तर मात्र धरावा लागेल.

डेक्कन_कट्टा
असं कसं, या कामात गाडी झिजते, किंमत पडते, ती कोण धरणार? 80 पैशात टायर आला, गाडीची पडलेली किंमत नाही आली.

हिशेबनीस_माई
हा मुद्दा मान्य. जास्त पळालेली गाडी विकायला गेलं की भाव पाडून मागतात. पण ती रक्कम हप्त्याइतकी नसते. किती धरायची यावर आमच्या ऑफिसातही कधी एकमत झालं नाही.

रिक्षावाले_काका
तुम्हा पोरांना तरी बरंय. आमचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17, ते ठरलं 2022 साली. त्यात सीएनजीच्या लायनीत तास तास उभं राहायचं. तो तास धरला तर मी पण 69 च्या खालीच निघेन. स्वारगेटला एक जण भेटला तो म्हणाला...

डेक्कन_कट्टा
काका वेगळा धागा काढा ना.

मदतनीस_वाकड
पक्याभाऊ, ई-श्रमवर नोंदणी केली का? गिग कामगारांना करता येते, आधार आणि बँक पासबुक लागतं. मी लिंक शोधून देतो.

कर्वेनगरचा_पक्या
तो प्रश्नच नव्हता माझा दादा, पण ठीके. ताई, मग मोठ्या ऑर्डरच घेतल्या तर? परवा कोथरूडहून हिंजवडी फेज 3 ची आली होती 190 ची. अशा चार मारल्या की दिवस निघाला ना?

हिशेबनीस_माई
नाही रे, तीच जास्त फसवी असते. 190 मधून कमिशन 38, राहिले 152. उचलायला 2 किमी, पोचवायला 20, पुढची ऑर्डर तिथे मिळाली नाही म्हणून बाणेरपर्यंत रिकामा 12. एकूण 34 किमी, पेट्रोल आणि झीज मिळून किलोमीटरला 3.11, म्हणजे 106 गेले. उरले 46. वेळ बघ, उचलायला 10 मिनिटं, जायला आणि गेटवर मिळून 55, परत यायला 35, झाली 100 मिनिटं. तासाला 28 रुपये.

त्याच्यापुढे लक्ष्मी रोडवरून डेक्कनला शिंप्याकडे द्यायचं ब्लाउजचं पार्सल घे. 50 रुपये, कमिशन जाऊन 40, सगळे मिळून 4 किमी, उरतात साडेसत्तावीस, वेळ 22 मिनिटं. तासाला 75. दिसायला 190 मोठे, पण 50 वाली बरी, कारण ती जिथे सोडते तिथेच पुढची वाजते.

फोनमध्ये शीट असेल तर B मध्ये गिऱ्हाईकाचं भाडं टाक, C मध्ये सगळे किलोमीटर, D मध्ये मोकळा झाल्यापासून परत मोकळा होईपर्यंतची मिनिटं:

```
=(B2*0.8-C2*3.11)/D2*60
```

बाणेरची_स्वारी
ताई हिंजवडीचं सरसकट नाही पटत. संध्याकाळी मलापण तिकडची मिळते आणि तिथून वाकड-औंधची परतीची ऑर्डर वाजते, कधीकधी गेटवरच. रिकामं यायलाच लागत नाही. मी तर फेज 3 ची कधीच सोडत नाही.

हिशेबनीस_माई
कधीकधी म्हणजे दहातून किती वेळा? परतीची मिळाली तर तुमचं बरोबर, माझं चूक. दुपारी अडीचला काय होतं तेही लिहून ठेवा, संध्याकाळचं गणित दुपारी चालत नाही.

बाणेरची_स्वारी
दुपारी मी झोपतो 😄 आणि गेटवरचा वेळ कमी धरलात तुम्ही. टॉवरवाल्या सोसायटीत वॉचमन फ्लॅटला फोन लावतो, ते उचलत नाहीत, मग रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहा, मग सर्व्हिस लिफ्टने जा, ती अठराव्या मजल्यावर कचऱ्याचा डबा घेऊन अडकलेली. पंधरा मिनिटं तिथेच जातात.

माझी_स्प्लेंडर
इन्सेंटिव्हचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे 12 ऑर्डरला 150 वर मिळतात. पक्या, 14 केल्यास तर मिळाले असतील की.

कर्वेनगरचा_पक्या
आमच्याकडे आता 16 ला केलंय, आधी 12 लाच होतं. मी 14 वर थकून घरी आलो.

माझी_स्प्लेंडर
अजून दोन मारल्या असत्या तर 150 सुटले असते ना राव.

हिशेबनीस_माई
तसं बघितलं तर ते 150 त्या शेवटच्या दोनच ऑर्डरचे. दोघींना मिळून तास-सव्वातास लागला असता आणि त्यांचे स्वतःचे 80 वेगळे, तर घेण्यासारखं होतं. पण 11 व्या ऑर्डरला रात्रीचे 8 वाजलेले असतील तर 16 च्या मागे लागू नकोस. आणि हे पैसे एकेका ऑर्डरवर वाटायचे नाहीत, दिवसाच्या बेरजेत टाकायचे.

कर्वेनगरचा_पक्या
मेडिकलवाल्याला आठवडा थांबायला सांगितलंय, तो कुरकुरला पण चालेल म्हणाला. वडिलांना 69 सांगितलं तर म्हणे मी आधीच म्हणालो होतो. आजपासून मीटरचा फोटो काढतोय निघताना आणि आल्यावर. एक सांगा, कधी कधी एकाच दुकानातून दोन पार्सल एकदम देतात, एक सहकारनगर एक बिबवेवाडी. मग वेळ कुठल्या ऑर्डरवर टाकायचा?

हिशेबनीस_माई
दोन्ही एकाच ओळीत टाक. भाडं दोघांचं मिळून, किलोमीटर आणि मिनिटं एकदाच. फक्त दुसऱ्या गिऱ्हाईकाने उशीर झाला म्हणून रेटिंग पाडलं तर ते या शीटमध्ये दिसणार नाही, ते वेगळं बघ.