पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे गेले नाहीत म्हणून आयटीसी, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट, सरकारला परत? हा न्याय आहे का?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: १० एप्रिल २०२५ चं सुताचं बिल १०,५०,०००, त्यात जीएसटी ५०,०००. ६,३०,००० दिले, बाकी अडकलेत. सूतवाल्यानं टॅक्स केव्हाच भरला, मग सरकार माझ्याकडून पुन्हा का घेतंय?

सूतघर: भरला, पण स्वतःच्या खिशातून की ओ! तुमचे पैसे येवोत न येवोत, मे महिन्यात माझा भरणा झाला. तुम्ही मात्र न दिलेल्या रकमेवरचं क्रेडिटही वापरून मोकळे. धाक नसता तर सोलापुरात कुणी उधारी चुकवली असती का?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: मी रिव्हर्स केलेले पैसे तुम्हाला थोडेच मिळणार? व्याजही सरकारच खातं.

चादर_सोलापुरी: मुळात ४५ दिवस झाले की क्रेडिट गेलंच. आमच्या ऑडिटमध्ये असंच निघालं.

करसल्लागार_दादा: ते ४५ दिवस इन्कम टॅक्सचे, कलम ४३बी(एच). तिथं खर्चाची वजावट अडकते, आयटीसी नाही. आणि ते छोट्या उत्पादक-सेवा पुरवठादारांसाठी आहे, निव्वळ व्यापाऱ्यासाठी नाही.

आता टॉवेलवाल्यांचं. अख्खे ५०,००० नाहीत. नियम ३७ प्रमाणे १ ऑक्टोबर २०२२ पासून न दिलेल्या भागापुरतंच परत करायचं. बाकी ४,२०,०००, म्हणजे २०,०००. १८० दिवस ७ ऑक्टोबरला संपले. आम्ही ऑक्टोबरच्या GSTR-3B रिटर्नमध्ये 4(B)(2) या रकान्यात टाकतो. 'लगतचा पुढचा कालावधी' म्हणजे नोव्हेंबर, असं वाचणारेही आहेत. पैसे दिले की 4(A)(5) मध्ये परत घ्या आणि 4(D)(1) मध्ये दाखवा. त्याला क्रेडिट घेण्याची कलम १६(४) ची मुदत आड येत नाही, म्हणजे पैसा बुडत नाही, अडकतो.

चादर_सोलापुरी: मग व्याज कशाला?

करसल्लागार_दादा: खरं भांडण तिथंच आहे. १८ टक्क्यांनी २०,००० वर महिन्याला ३००. क्रेडिट लेजरची शिल्लक कधीच २०,००० च्या खाली गेली नसेल, तर क्रेडिट 'वापरलंच नाही' म्हणून व्याज नाही, असा आमचा युक्तिवाद. अधिकारी म्हणतो, ती सवलत चुकीनं घेतलेल्या क्रेडिटची, तुमचं तर घेताना बरोबर होतं. म्हणजे बरोबर घेणाऱ्यालाच व्याज! मला हे पटत नाही, पण नोटिसा येतात.

यंत्रमाग_कारखानदार: आमचं मालवाहतुकीचं भाडं थकलंय, टॅक्स वाहतूकदाराऐवजी आम्हीच आरसीएमनं भरला. तेही रिव्हर्स?

करसल्लागार_दादा: नाही. आरसीएमला हा नियम लागत नाही.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड: माझे पैसे मुद्दाम थकवलेले नाहीत. सुताला गाठी होत्या, मागावर धागा तुटत होता. त्याचे ८४,००० तरी कापून हवेत.

करसल्लागार_दादा: मग नुसते अडवून ठेवू नका. सूतवाल्याकडून तेवढी रक्कम कमी केल्याची जीएसटीसह क्रेडिट नोट घ्या. त्या नोटेपुरती बाकीच उरत नाही. २०२५-२६ च्या बिलाला मुदत ३० नोव्हेंबर २०२६.

सूतघर: नोट कशी देऊ? सुताचे कोन परत आलेच नाहीत, टॉवेल विणून विकलेसुद्धा.