शब्दचर्चा: ‘फ्रिक्वेन्सी रीयूज’ म्हणजे ‘पुनर्वापर’ की आणखी काही?

गंगावेस: इथे कोल्हापुरात डिप्लोमाच्या मुलांना मी मोबाईल कम्युनिकेशन शिकवते. टिपा मराठीत काढल्या तेव्हा ‘फ्रिक्वेन्सी रीयूज’ला ‘वारंवारता पुनर्वापर’ आणि ‘क्लस्टर’ला ‘समूह’ लिहिलं. परवा पेपर तपासताना एकाने लिहिलंय, “एका टॉवरचं काम झालं की तीच वारंवारता दुसरा टॉवर वापरतो.” दुसरीने लिहिलंय, “समूह म्हणजे गर्दीच्या ठिकाणी जवळजवळ उभारलेले टॉवर.” दोन्ही चूक. पण मार्क कापताना हात अडखळला, कारण माझ्या शब्दांचा अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता. दुसरे शब्द सुचवाल का?

शाहूपुरीकर: पुनर्वापर म्हणजे बंद पडलेला नंबर दुसऱ्याला देतात, तेच ना? माझ्या मुलाने नवीन सिम घेतलं, तर महिनाभर कुणातरी गुळाच्या अडत्याला फोन येत होते. “रवे किती आलेत” म्हणून पहाटे विचारायचे. हा पुनर्वापर बंद व्हायला पाहिजे.

गंगावेस: नाही हो काका, तो नंबरचा मामला. इथे नंबर नाही, टॉवर ज्या रेडिओ चॅनेलवर बोलतो तो चॅनेल. मंगळवार पेठेतला टॉवर ज्या चॅनेलवर बोलतोय, त्याच चॅनेलवर त्याच क्षणी लांबचा दुसरा टॉवर दुसऱ्याच माणसाशी बोलत असतो. आधी-नंतर असं काही नाही, दोघे एकाच वेळी. पण तुमचाही असा समज झाला म्हणजे शब्दातच खोट आहे, हे पक्कं झालं.

यंत्रमागवाली: मी इचलकरंजीची, घरचे माग आहेत. ताई, तुम्ही सांगताय ते आमच्याकडे रोजचं आहे. कापडावरच्या डिझाइनमध्ये एक चौकोन ठरलेला असतो, तोच उभा-आडवा पुन्हापुन्हा येतो. त्याला सगळे ‘रिपीट’च म्हणतात. रिपीटमधलं प्रत्येक फूल वेगळं, पण पुढच्या रिपीटमध्ये त्याच जागी तेच फूल. तुमचा क्लस्टर म्हणजे हा रिपीट असेल, तर ‘समूह’ चुकलाच. समूह म्हटलं की गोळा झालेली माणसं दिसतात, नक्षी दिसत नाही.

गंगावेस: अगदी हेच! क्लस्टरमधल्या प्रत्येक सेलला, म्हणजे एकेका टॉवरच्या हद्दीला, वेगळे चॅनेल, आणि पुढच्या क्लस्टरमध्ये त्याच जागी तेच चॅनेल. मग रीयूजला ‘पुनरावृत्ती’ म्हणू का? पुनर्वापरात वेळ डोकावतो, पुनरावृत्तीत निदान नक्षी तरी येते.

बीई झालेला: शब्द कुठलाही घ्या, मुलांना हिशेब कळला की झालं. जीएसएमचा, म्हणजे जुन्या 2G चा घेऊ. समजा कंपनीकडे 4.4 मेगाहर्ट्झ आहेत. एक वाहक, म्हणजे ताईंचा एक चॅनेल, 200 किलोहर्ट्झचा, म्हणजे 22 वाहक. एक कडेला सोडा, राहिले 21. क्लस्टर 7 चा केला तर प्रत्येक सेलला 3 वाहक, आणि प्रत्येकावर 8 टाइमस्लॉट, एकेका बोलण्याला एक, म्हणजे 24. क्लस्टर 3 चा केला तर सेलला 7 वाहक, 56 टाइमस्लॉट. त्यातले एकदोन सिग्नलिंगला जातात, तरी दुपटीपेक्षा जास्त. आता व्यत्यय. सारख्या चॅनेलच्या दोन टॉवरांमधलं अंतर D आणि सेलची त्रिज्या R धरली तर

```
D/R = √(3N)
```

N म्हणजे क्लस्टरमधले सेल. N=3 ला D तिप्पट येतो. सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने पडतो, म्हणजे 81, आणि भोवती तसे 6 टॉवर, म्हणून भागिले 6. आपला सिग्नल व्यत्ययाच्या साडेतेरा पट. जीएसएमला लागतो साधारण 8 पट. मग 3 मध्ये भागत असताना पुस्तकं 7 चं कौतुक का करतात, मला अजून कळलेलं नाही.

डोंगरटॉवर: 7 जुन्या अ‍ॅनालॉग फोनमुळे आला भावा. त्याला सुमारे 63 पट लागायचं. आणि तुझ्या 3 च्या हिशेबात एक गफलत आहे. सहाही टॉवर तू D अंतरावर धरलेस. फोन सेलच्या मधोमध असेल तर ते खरं. पण मधोमध असणाऱ्याला कशाचीच भीती नसते. सेलच्या कडेला जाऊन बघ. त्या बाजूचे दोन टॉवर आता 3R वर नाहीत, 2R वर आले. दोन 3R वर राहिले, दोन 4R वर गेले. प्रत्येकाचा चौथा घात घेऊन बेरीज कर. तुझे साडेतेरा पट उतरून सुमारे 6.3 येतात, म्हणजे 8 च्या खाली. हेच 4 च्या क्लस्टरला केलं तर कडेला साधारण 13.7 पट मिळतात, 7 च्या क्लस्टरला 53. शिवाय घरांच्या भिंती आणि झाडं धरलेलीच नाहीत. म्हणून जीएसएमचं गणित बहुतेक ठिकाणी 4 टॉवर, प्रत्येकाला 3 दिशा, असं 12 सेक्टरांवर बसवायचे.

बीई झालेला: मग 21 वाहक 12 सेक्टरांत वाटले तर एकाला धड दोनही येत नाहीत! क्षमता गेलीच की.

डोंगरटॉवर: म्हणून एकाच गावावर दोन नक्ष्या अंथरायचे. टॉवरचं नाव-गाव सांगणारा जो वाहक असतो, ‘BCCH’, तो सतत पूर्ण जोरात चालू असतो आणि त्याला वाहक बदलत उड्या मारता येत नाहीत. त्याला 12 ची ऐसपैस नक्षी द्यायची. उरलेले 9 वाहक तीन दिशांत तीन-तीन, आणि हीच वाटणी प्रत्येक टॉवरवर. तिथे फोन सारखा वाहक बदलत राहतो, टक्कर झाली तर क्षणाची होते, पुढचा वाहक स्वच्छ मिळतो. सेक्टरला एकूण 4 वाहक पडले. ताई, म्हणून टिपांत ‘क्लस्टरचा आकार’ म्हणजे एकच आकडा असं लिहू नका. वाहक कुठल्या कामाचा, त्यावर नक्षी बदलते.

यंत्रमागवाली: आमच्यात काठाचा रिपीट वेगळा आणि पदराचा वेगळा, तसंच म्हणा की!

शाहूपुरीकर: माझा नंबरचा गैरसमज झाला, कबूल. पण आमच्या इमारतीत एक गंमत होती, ती यात बसते का बघा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी तिसऱ्या मजल्यावर राहायचो. खाली पानपट्टीपाशी फोन झकास लागायचा. वर गॅलरीत आलो की कांड्या पूर्ण, आणि आवाज तुटूनतुटून. पंचगंगेकडची बाजू, पुढे सगळं मोकळं. केंद्रात तक्रार केली तर पोरगं म्हणालं, “काका, सिग्नल फुल्ल आहे, फोन बदला.” फोन बदलला. पाच हजार गेले, आवाज तसाच.

डोंगरटॉवर: काका, तुम्ही गंमत म्हणून सांगितलंत, पण तुमच्या गॅलरीतच सगळा धडा आहे. त्याच सुमारास मी ड्राइव्ह टेस्टला, म्हणजे गाडीतून सिग्नल मोजत फिरायचो, तुमच्या कंपनीचा नसेनही. अशा जागी टेस्ट फोनवर दोन आकडे बघायचे: `RxLev` म्हणजे जोर, `RxQual` म्हणजे नीटपणा. `RxQual` 0 असेल तर उत्तम, 7 म्हणजे पार वाट लागलेली. जोर पडला म्हणून नीटपणा बिघडला, तर गाव टॉवरपासून लांब आहे. पण जोर -68 आणि नीटपणा 6, असं एकदम दिसलं की समजायचं, याच चॅनेलवर दुसरा कुणीतरी बोलतोय. कांड्या फक्त जोर दाखवतात, आणि त्यात परक्याचा जोरही मिसळलेला असतो.

मला असं सापडलं एका इमारतीच्या गच्चीवर. आजूबाजूच्या टॉवरांची यादी काढली, सगळे चॅनेल वेगळे. मग जोतिबाच्या बाजूला बघितलं. त्या अंगाला डोंगरावर आमचाच एक टॉवर होता, 15 किलोमीटरवर, तोच चॅनेल. नकाशावर एवढं अंतर असल्यावर प्लॅनिंगवाल्याने डोळे झाकून तो दिला होता. रात्री एक वाजता ऑफिसला फोन करून तो सेक्टर दहा मिनिटं बंद करायला लावला. गच्चीवर `RxQual` 6 चा 0 झाला. चालू केला, पुन्हा 6.

बीई झालेला: पण 15 किलोमीटर! एक किलोमीटरच्या सेलला 7 चा क्लस्टर धरला तरी D साडेचारच येतो.

डोंगरटॉवर: तुझा चौथा घात गावातला आहे. घरं, जमीन, रस्ते सिग्नल खातात म्हणून तो चौथा. डोंगरावरून गच्चीपर्यंत मध्ये नुसती हवा. तिथे दुसरा घात. दुसऱ्या घाताने 7 चा क्लस्टर काढ: 21 भागिले 6, साडेतीन पट. अ‍ॅनालॉगसाठी रचलेली ऐसपैस नक्षीसुद्धा जीएसएमला पुरत नाही. खरा आकडा हवा असेल तर 900 मेगाहर्ट्झला मोकळ्या हवेत 15 किलोमीटरला साधारण 115 डेसिबल घट होते. गावात 30 मीटर उंचीच्या टॉवरपासून एक किलोमीटरला साधारण 126. म्हणजे काकांच्या गॅलरीत डोंगर शेजारच्या टॉवरपेक्षा जवळचा होता. खाली पानपट्टीपाशी मधल्या इमारती डोंगराला झाकायच्या, म्हणून तिथे झकास.

शाहूपुरीकर: म्हणजे पाच हजार फुकट गेले.

डोंगरटॉवर: गेले काका. आम्ही अँटेना खाली झुकवली आणि चॅनेल बदलला. झुकवल्यावर डोंगरापलीकडच्या दोन वाड्यांतून तक्रारी आल्या, त्या शेवटपर्यंत पूर्ण मिटल्या नाहीत.

गंगावेस: हे सगळं टिपांत घालणार. आता शब्दांचं बघू. ‘इंटरफिअरन्स’ला भौतिकशास्त्रात ‘व्यतिकरण’ आहे, पण त्यात लाटा एकमेकींत मिळून कमी-जास्त होतात, पट्टे दिसतात, हे डोळ्यापुढे येतं. इथे परक्याचं बोलणं आपल्या बोलण्यात घुसतं, म्हणून ‘व्यत्यय’ ठेवते. ‘को-चॅनेल’ला ‘समवाहिनी’ सुचवलं होतं एकांनी, पण मुलं टीव्हीची वाहिनी समजतील. ‘सारख्या चॅनेलचा व्यत्यय’ लांब आहे, तरी चालेल.

बीई झालेला: पण 4G आल्यावर क्लस्टर 1 चा झाला ना? सगळीकडे तोच चॅनेल. मग पुनरावृत्ती कसली? पुढच्या वर्षी हा धडाच उडेल.

डोंगरटॉवर: चॅनेल एकच झाला, सौदा तोच राहिला. पूर्वी कडेचा माणूस तुटायचा, आता कडेचा माणूस हळू चालतो. शेजारचा टॉवर त्याच चॅनेलवर गर्दीत असेल तर कडेला वेग पडतो, आणि फोन कांड्या पूर्णच दाखवतो. आणि पुनरावृत्ती गेली कुठे? 4G मध्ये प्रत्येक सेलला `PCI` नावाचा ओळख-आकडा लागतो. ते आकडे 504 च आहेत, सेल हजारो. मग तेच आकडे लांबलांब पुन्हा द्यायचे. डोंगरावरचा सेल तिथेही तसाच घोळ घालतो.

यंत्रमागवाली: मग क्लस्टरला ‘रिपीट’ ठेवा की. इंग्रजी असला तरी आमच्या भागात मागावरचा माणूसही तो बोलतो.

गंगावेस: मोह होतोय. पण परीक्षा घेणारे बाहेरचे, त्यांना ‘रिपीट’ वाचून मुलगा एटीकेटीबद्दल लिहितोय असं वाटेल.

शाहूपुरीकर: ‘आवर्तन’ कसं वाटतं? कालव्याला पाण्याचं आवर्तन असतं तसं.

डोंगरटॉवर: काका, त्यात पाणी पाळीपाळीने येतं. पुन्हा वेळ घुसला.

गंगावेस: तूर्तास रीयूजला ‘पुनरावृत्ती’ पक्कं करते. क्लस्टर या आठवड्यात ‘क्लस्टर’च राहील, आणि खाली कापडाचं चित्र. यंत्रमागवाली ताई, एखाद्या डिझाइनचा फोटो पाठवाल का, ज्यात एक रिपीट खडूने आखलेला असेल?