बेडका हवा, थुंकी नको

लिहिल्या जात असलेल्या एका कथेबद्दल कुणी शंका काढली: ‘रिपोर्ट वाचणं डॉक्टरचं काम. मग कथेतला लॅब टेक्निशियन चाळीतल्यांना सांगणार तरी काय?’

रिपोर्टपुरतं मान्य. पण टेक्निशियनची गरज नमुना देण्याआधीच असते. कथा 1982 च्या संपानंतरच्या लालबागेतली आहे, तर क्षयाचीच तपासणी घ्या. गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात राबलेली माणसं खोकला ‘कापसाच्या धुळीचा’ म्हणून अंगावर काढायची. धुळीने छाती भरते ती मुख्यतः सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला. गिरणी बंद असूनही खोकला तीन आठवडे हटत नसेल, संध्याकाळी कणकण येत असेल, वजन उतरत असेल, तर शेजारच्या काकांना तपासणीला धाडायलाच हवं.

आणि काका डबीत काय आणणार? फेसाळ, पाण्यासारखी थुंकी! तिच्यात जंतू सापडणं कठीण, म्हणजे आजार असून रिपोर्ट निगेटिव्ह. टेक्निशियनने सांगायचं ते असं: सकाळी उठल्यावर काही न खाता साध्या पाण्याने चूळ भरा, गच्चीवर मोकळ्या हवेत जा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. घट्ट, पिवळसर, चमचाभर तरी हवा. झाकण घट्ट लावून लगेच पोचवा. एक नमुना निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं नाही; मिलीलिटरमागे साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाहीत. त्या काळी तीन नमुने मागत ते उगाच नव्हे. लेखकाने टेक्निशियन थुंकीची डबी परत करतो असा प्रसंग जरूर घालावा, काका चिडतीलही छान.