पर्सेंटाइल ५० वरून २१ वर आलं, लांबीचं तर १२ वर. हा रिपोर्ट कसा वाचायचा?

मानेवाडा_आई
मुलीला गेल्या आठवड्यात वर्ष पूर्ण झालं. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी चार्टवर टिंब टाकलं आणि "ठीक आहे, पण महिन्याने परत वजन करू" एवढंच म्हणाले. बाहेर रांग होती, फार विचारता आलं नाही. फाइलमधले आकडे असे:

सहाव्या महिन्यात वजन ७.३ किलो, लांबी ६६ सेंमी. पर्सेंटाइल ५० आणि ५५.
नवव्या महिन्यात ७.८ किलो, ६९.५ सेंमी. पर्सेंटाइल ३३ आणि ४०.
आता ८.१ किलो, ७१ सेंमी. पर्सेंटाइल २१ आणि १२.
डोक्याचा घेर ४५ सेंमी, तो पन्नासच्या रेषेवरच आहे.

पूर्ण दिवसांची आहे, आजारी पडलेली नाही, रांगते, धरून उभी राहते. सासूबाई म्हणतात शंभरात १२ मिळाले म्हणजे नापासच. प्रोटीन पावडर सुरू करायची का? धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का?

बर्डीचा_बाबा
ताई, ३ ते ९७ च्या मधे असलं की नॉर्मल. २१ पण मधे, १२ पण मधे. कायले टेन्शन घेता? शिवाय तो चार्ट परदेशी पोरांचा असतो. आपल्या मुलांचा आयएपीचा, म्हणजे भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, चार्ट आहे, त्यावर टाकून पाहा, पर्सेंटाइल आपोआप वर जाईल.

मोजपट्टी
बर्डीचा_बाबा, ३ ते ९७ हे अर्धंच बरोबर आहे. मूल कुठल्या रेषेवर आहे याइतकंच ते आधी कुठल्या रेषेवर होतं हेही बघायचं असतं. जन्मापासून १२ वर असलेलं मूल आणि ५५ वरून १२ वर आलेलं मूल, दोघांचं आजचं टिंब एकाच जागी पडतं, पण अर्थ वेगळा.

चार्टबद्दल: पाच वर्षांखाली आयएपीसुद्धा डब्ल्यूएचओचाच चार्ट वापरायला सांगते. आयएपीचे स्वतःचे २०१५ चे चार्ट पाच ते अठरा वर्षांसाठी आहेत. आणि २००६ च्या डब्ल्यूएचओ चार्टसाठी सहा देशांत मुलं मोजली होती, त्यात आपली दिल्लीही होती. त्यामुळे एक वर्षाच्या मुलीला दुसरा चार्ट शोधू नका.

मानेवाडा_आई, सासूबाईंना असं सांगा: याच वयाच्या १०० निरोगी मुली लांबीप्रमाणे ओळीत उभ्या केल्या तर १२ जणी हिच्यापेक्षा लहान आणि बाकीच्या मोठ्या. ही रांगेतली जागा आहे, गुण नाहीत. ५० म्हणजेही "पूर्ण" नव्हे.

आता तुमचे आकडे. अन्न कमी पडतं तेव्हा साधारणपणे आधी वजन घसरतं, ते लांबलं तर मग लांबी, आणि डोकं सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे उलटं दिसतंय. लांबी वजनापेक्षा जास्त पडली आहे. नऊ ते बारा महिन्यांत मधल्या रेषेवरची मुलगी ७०.१ वरून ७४ सेंमीवर जाते, म्हणजे जवळपास चार सेंमी. तुमची दीडच वाढलेली दिसते. लांबी खरोखर अशी अडली तर डॉक्टर थायरॉइडसारखी कारणं शोधतात. पण खेळकर, पूर्ण दिवसांच्या मुलीत पहिला संशय मापावर घ्यायचा. लांबी कशी मोजली? फळीवर की टेपनं?

मानेवाडा_आई
टेपनं. तपासणीच्या टेबलावर झोपवलं, ती रडत पाय आखडत होती. एकाच सिस्टरनं मोजलं. वजन मात्र लंगोट काढून, डिजिटल काट्यावर.

मोजपट्टी
मग ७१ या आकड्यावर काहीच ठरवू नका. पुन्हा मोजून घ्या, आणि असं:

लांबी मोजायची लाकडी किंवा फायबरची फळी असते, इन्फंटोमीटर. अंगणवाडीतही मिळते. दोन माणसं लागतातच. टोपी, क्लिप, वर बांधलेली शेंडी काढायची. एकानं डोकं वरच्या स्थिर फळीला टेकवून दोन्ही हातांनी धरायचं, नजर सरळ छताकडे, हनुवटी छातीत खुपसलेली नको. दुसऱ्यानं एका हातानं दोन्ही गुडघे हळूच खाली दाबायचे आणि दुसऱ्या हातानं सरकती फळी तळपायांना लावायची. टाच टेकली पाहिजे, बोटं वर. एकाच पायावर माप घेतलं तर कंबर तिरकी होते आणि आकडा चुकतो. मिलिमीटरपर्यंत वाचायचं, बाळाला उचलायचं, परत ठेवून दुसऱ्यांदा मोजायचं. दोन मापांत ७ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही सोडून नव्यानं. नाहीतर सरासरी घ्यायची.

गुडघा जरा वाकलेला राहिला तरी एक-दोन सेंमी सहज जातात. एक वर्षाच्या मुलीत दोन सेंमी म्हणजे ३५ आणि १२ पर्सेंटाइलमधला फरक.

अजनी_मावशी
माझ्या भाच्याचंही असंच आहे, दहा महिन्यांचा, ७.४ किलो, चार्टवर तिसऱ्या रेषेच्याही खाली दाखवतो. आठ आठवडे आधी जन्मला होता. डब्याची पावडर देतोय तरी वर जात नाही. ही मुलगी तर २१ वर आहे, नशीबवान म्हणायची.

मोजपट्टी
मावशी, त्याचं प्रकरण वेगळं आहे. आठ आठवडे आधी जन्मला, तर दोन वर्षांचा होईपर्यंत टिंब टाकताना वयातून आठ आठवडे वजा करायचे. दहाऐवजी साधारण आठ महिन्यांवर ७.४ किलो टाका, मुलग्यांच्या चार्टवर तो तिसऱ्या आणि पंधराव्या रेषेच्या मधे येईल. ॲपमध्ये बहुधा जन्मतारीखच टाकली असेल. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची, तिथे वजाबाकी नाही.

ॲपवरून आठवलं. मानेवाडा_आई, कुठल्या ॲपमध्ये बघत असाल तर "मुलगी" निवडलंय ना ते तपासा. हेच ८.१ किलो मुलग्यांच्या चार्टवर टाकलं तर तिसऱ्या रेषेच्या जेमतेम वर येतं.

मानेवाडा_आई
मुलगीच आहे, तपासलं. आज अंगणवाडीत जाऊन आले. फळीवर सेविका आणि मदतनीस दोघींनी धरलं. ७२.८ आणि ७३.१ आलं. वजन ८.१ च. म्हणजे लांबी ठीक आहे ना? जीव भांड्यात पडला.

मोजपट्टी
लांबी ठीक आहे. सरासरी ७३ धरा, पर्सेंटाइल ३५ च्या आसपास, तीन महिन्यांत साडेतीन सेंमी. थायरॉइडचा विषय तूर्त बाजूला.

पण त्याच मापानं दुसरी गोष्ट उघडी पडते. लांबीच्या मानानं वजन, हा तिसरा चार्ट फाइलच्या मागच्या बाजूला असतो आणि तो बहुतेक जण उघडत नाहीत. ७१ सेंमीच्या मुलीचं मधलं वजन ८.४ किलो. त्यावर ८.१ बरं दिसत होतं, साधारण ३३ पर्सेंटाइल. ७३ सेंमीला मधलं वजन ८.८. आता तेच ८.१ विसाच्या आसपास येतं, उणे एक एसडीच्या, म्हणजे मधल्या रेषेखालच्या पहिल्या पायरीच्या, जरा वर. लांबी कमी मोजली की मूल आहे त्यापेक्षा भरलेलं भासतं.

हे कुपोषण नाही. त्याची रेघ उणे दोन एसडीला आहे, ७३ सेंमीला ती ७.४ किलोवर येते. तिथून ती लांब आहे. पण दिशा खाली आहे: सहा ते नऊ महिन्यांत ५०० ग्रॅम, नऊ ते बारामध्ये ३००. मधल्या रेषेवरची मुलगी या दोन टप्प्यांत साधारण ९०० आणि ७०० ग्रॅम वाढते. म्हणूनच डॉक्टरांनी महिन्याने बोलावलं असणार. ते बरोबरच आहेत, डॉक्टर बदलायचं कारण दिसत नाही.

गव्हाची_खीर
मी आहारतज्ज्ञ आहे. पावडरच्या आधी दिवसभरात पोटात काय जातं ते लिहा. किती वेळा, किती वाटी, किती पातळ, आणि दूध किती.

मानेवाडा_आई
सकाळी दुधात बिस्किट. दुपारी वरणाच्या पाण्यात कालवलेला भात, अर्धी छोटी वाटी. संध्याकाळी फळ. रात्री परत वरण-भात. गाईचं दूध दोन बाटल्या, साधारण ६०० मिली, शिवाय रात्री अंगावरचं.

गव्हाची_खीर
इथेच उत्तर असावं. वरणाच्या पाण्यात पाणीच जास्त असतं. पोट भरतं, उष्मांक येत नाहीत. ६०० मिली दुधानं भूकही मरते, आणि गाईच्या दुधात लोह फारसं नसतं.

दूध ४०० च्या आत आणा, तेही बाटलीऐवजी वाटीनं आणि जेवणानंतर. घोटलेलं घट्ट वरण, चमचा उलटा केला तर घरंगळू नये इतकं. प्रत्येक जेवणावर एक चमचा तूप किंवा तेल. वर्षानंतर एका वेळचं जेवण २५० मिलीच्या वाटीनं पाऊण ते एक वाटी, दिवसात तीन-चार वेळा, आणि मधे एक-दोनदा खाऊ. एका दिवसात पाऊण वाटी होणार नाही, दर दोन-तीन दिवसांनी दोन चमचे वाढवा. बिस्किटाऐवजी फुटाण्याचं पीठ दुधात शिजवून, अंडं चालत असेल तर अंडं. पावडरची गरज मला दिसत नाही.

बर्डीचा_बाबा
ठीक आहे, पण आईवडील बारीक असतील तर पोट्टीही बारीकच राहणार ना? आणि दोन रेषा ओलांडल्या तरच काळजी असं वाचलंय. हिनं तर एकही ओलांडली नाही.

मोजपट्टी
पहिल्या दोन वर्षांत मुलं घरच्या अंगलटीप्रमाणे रेष बदलतात, हे खरं. पण तसं बदलताना वजन आणि लांबी बरोबरीनं सरकतात. इथे वजन जास्त घसरतंय.

दोन रेषांचा नियम जवळजवळच्या रेषा असलेल्या चार्टचा आहे. आपल्या चार्टवर पाचच रेषा, ३, १५, ५०, ८५, ९७. त्यात एक रेष ओलांडणं म्हणजेच जवळपास एक एसडी. दोन ओलांडेपर्यंत थांबलं तर उशीर होतो. ही ५० वरून २१ वर आली आहे, पंधराची रेष अजून खाली आहे. लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही.

पुढचं वजन त्याच काट्यावर, लंगोट काढून, शक्यतो सकाळी. ओला डायपर दोनशे ग्रॅमचा सहज असतो आणि या वयात महिन्याची वाढच तेवढी असते. महिन्यात २०० ग्रॅम किंवा जास्त वाढलं तर आहारानं काम होतंय. शंभराच्या खाली राहिलं तर हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी डॉक्टरांना विचारा. या वयात लघवीचा संसर्ग तापाशिवायही वजन अडवतो.

गव्हाची_खीर
हिमोग्लोबिनसाठी मी महिनाभर थांबणार नाही. एवढं दूध आणि वरणाचं पाणी म्हटल्यावर लोह कमी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यानंही भूक जाते.

मोजपट्टी
आधी टोचून घ्यायचं की आहार बदलून बघायचं, यात डॉक्टरांचीही मतं वेगळी असतात. तुमच्या डॉक्टरांना फोनवर एवढंच सांगा: लांबी परत मोजली, ७३ आली, दूध ६०० मिली चालू होतं. मग ते ठरवतील.

मानेवाडा_आई
सांगते. बाटली एकदम बंद केली तर रात्री रडेल, त्याचं काय?

गव्हाची_खीर
आधी दुपारची बंद करा. रात्रीची आठवड्यानं. अंगावरचं चालू ठेवा, ते कमी करायचं नाही.