कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलांना रोज नाव घेऊन हाक मारावी का?

सिंहगडरोडकर
दहावीच्या गणिताची ऑनलाइन बॅच घेते, संध्याकाळी सातला, झूमवर. तीस मुलं आहेत आणि कॅमेरा चालू असतो पाच-सहा जणांचा. सुरुवातीच्या गप्पा त्यांच्याशीच होतात. बाकीच्यांना वाटत असणार, आपण आलो काय नि न आलो काय, बाईंना कुठे कळतंय! म्हणून बंद कॅमेऱ्यावाल्यांनाही रोज नाव घेऊन हाक मारावी असं मनात आहे. सोबतचे सर म्हणतात, हे नसते लाड आहेत आणि वेळही जातो. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला मास्तर
सरांना माझा नमस्कार सांगा. पलीकडे मूल बसलंय की फोन चार्जिंगला लावून ते खाली क्रिकेट खेळतंय, हे तुम्हाला कळणार कसं? रिकाम्या खुर्चीला ‘कसा आहेस’ विचारायची पद्धत आमच्या सदाशिव पेठेत अजून आलेली नाही. कॅमेरा सक्तीचा करा, हाका मारायची गरजच उरणार नाही.

वारजेची आई
मास्तर, आमच्याकडे दोन खोल्या आहेत. सात वाजता लेकीच्या मागे सासूबाईंचा हरिपाठ चालू असतो आणि शेजारी मी भाकऱ्या थापत असते. तो संसार तीस घरांना दाखवायचा? एका क्लासच्या सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, “काय, आज पण तोंड लपवून?” ते हसत म्हणाले, पण तिनं तो क्लास सोडला. तिला हाक मारायला माझी ना नाही. फक्त त्या हाकेत कॅमेऱ्याचं नाव नको.

नेटपॅकवाला
उगाच मानसशास्त्र काढताय. मुलं कॅमेरा बंद ठेवतात ते डेटा वाचवायला, विषय संपला. नुसत्या आवाजाला लागतं त्याच्या कितीतरी पट नेट व्हिडिओ खातो. गुरुवारी वीज गेली की वायफायही जातं आणि अख्खं घर एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर येतं.

चौकटीबाहेर
नेटपॅकवाले, तुमचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅस्टेली आणि सरवारी यांनी बायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना हेच विचारलं होतं. २०२१ मध्ये तो लेख आला. २७६ जणांनी उत्तरं दिली, त्यात ४१ टक्क्यांनी सांगितलेलं कारण होतं, आपण कसे दिसतो याची काळजी. मागे दिसणारं घर, घरातली माणसं आणि कमकुवत नेट ही कारणंही होतीच. ती कॉलेजची मुलं आणि देशही वेगळा, तेव्हा आकडा जसाच्या तसा पुण्याला लावू नका. पण दहावीच्या वयात चेहऱ्यावरच्या पिंपलची चिंता कमी असेल असं मला वाटत नाही.

हजेरीसम्राट
हजेरीचाच प्रश्न असेल तर गूगल फॉर्म ठेवा. शेवटच्या पाच मिनिटांत लिंक टाकायची, जो भरेल तो हजर. आम्ही तेच करतो.

सिंहगडरोडकर
हजेरी झूमच्या रिपोर्टमध्ये मिळतेच हो. प्रश्न हजेरीचा नाही.

बारावी_चालू
मी त्या काळ्या चौकोनातला. खरं सांगू? सरांनी नाव घेतलं की पोटात गोळाच येतो. कारण नावापाठोपाठ प्रश्न येतो. “रोहन, कसा आहेस? बरं, मग सांग बघू तिसऱ्याचं उत्तर.” नंतर नंतर “कसा आहेस” ऐकूनच मी लीव्ह दाबायचो आणि नेट गेलं म्हणायचो. (रोहन हे माझं नाव नाही, शोधू नका.)

चौकटीबाहेर
या मुलानं नेमकं दुखणं सांगितलं. हाक मारायची तर त्या हाकेला उत्तर द्यावं लागता कामा नये. लॉकडाऊनपासून अकरावी-बारावीचे अकाउंट्स ऑनलाइन शिकवते आहे, माझी पद्धत सांगते.

सातचा तास असेल तर मी पावणेसातला बसते. वेटिंग रूम चालू ठेवते आणि मुलांना एकेक करून आत घेते. एकजण आत आला की त्याच्याशी एक वाक्य बोलते, मग पुढचा. सुरुवातीला ऐकायला दोन-चारच जण असतात, त्यामुळे लाजणाऱ्यालाही ते जड जात नाही. तीच हाक सात वाजता, तीसजण जमल्यावर मारली की ती हजेरी होते.

वाक्य त्या मुलाच्या कामावरचं असावं आणि विधान असावं. समजा, एका मुलीनं काल घसाऱ्याचं गणित पाठवलं. आकडे बरोबर, फक्त सहा महिन्यांऐवजी पूर्ण वर्षाचा घसारा धरला. मी म्हणते, “ये गं. कालची वही पाहिली, मांडणी स्वच्छ आहे. तारखेची एक गंमत आहे तिथे, ती आज सगळ्यांनाच दाखवते.” एवढंच बोलून पुढच्याला आत घेते. माइक चालू कर नाही, ऐकू येतंय का नाही. तिनं वही पाठवली होती आणि ती कोणीतरी वाचली, हे तिला कळलं. नुसतं “हॅलो अमुक, हॅलो तमुक” तीस वेळा म्हटलं की चौथ्या दिवशी कोणी ऐकत नाही.

रोज तीसही करू नका. एकेकाला पंधरा-वीस सेकंद धरले तरी सगळ्यांचे मिळून आठ-दहा मिनिटं जातात. मी रोज दहाजण घेते आणि कागदावर खूण करते. खूण केली नाही तर आपण नकळत हुशार मुलांचीच नावं घेत बसतो.

आणखी दोन अडचणी येतात. स्क्रीनवर ‘रेडमी’ किंवा आईचं नाव दिसत असेल तर आत कोण आहे कळत नाही. अशा वेळी एकदा विचारून होस्टनं नाव बदलून द्यावं. दुसरं, उशिरा येणाऱ्याला तो यायच्या आधीचं चॅट सहसा दिसत नाही. स्वागताचा मेसेज सातला टाकला आणि तो सात-दहाला आला, तर त्याच्यापुरतं कोणी काही बोललंच नाही. त्याला तोंडी हाक मारा, पण “उशीर झाला का” न विचारता.

पेठेतला मास्तर
पद्धत नीटनेटकी आहे, मान्य. पण माझा प्रश्न तिथेच आहे. तुमच्या ‘ये गं’ला उत्तरच लागत नाही, म्हणजे फोन चार्जिंगला लावून गेलेलाही सुखात. उलट त्याची सोयच झाली.

चौकटीबाहेर
हाकेनं भूत पकडलं जात नाही, खरंय. त्यासाठी मी तासाच्या मध्ये एक बारकं उदाहरण देते आणि उत्तर चॅटमध्ये फक्त मला पाठवायला सांगते. झूममध्ये चॅट होस्टपुरतं ठेवता येतं, म्हणजे चुकलेलं उत्तर कोणाला दिसत नाही. आठवडाभर एखाद्याचं एकही उत्तर आलं नाही तर घरी फोन करते, तोही विचारपूस म्हणून. बहुतेकदा फोन दुसऱ्या भावंडाकडे असतो किंवा मूल पार मागे पडलेलं असतं. क्रिकेटवाले निघतात, पण तुम्ही समजता तितके नाही.

बारावी_चालू
फक्त बाईंना दिसणार असेल तर मी पण पाठवीन. सगळ्यांना दिसलं तर नाही.

वारजेची आई
हे मला पटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीशी क्लासमधल्या कोणी सरांनी खासगीत मेसेज करायचे, आणि घरच्यांना ते दिसणारही नाहीत? तुम्ही बाई आहात, चांगल्या असाल, पण हा पायंडा नको. बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला.

चौकटीबाहेर
शंका रास्त आहे. मी मुलांकडून फक्त उत्तर घेते आणि माझं जे काही असेल ते मोठ्यानं, नाव न घेता सगळ्यांना सांगते. पण हा माझा नियम झाला, झूमचा नाही. दुसरा कोणी तो पाळेल याची हमी मी कशी देऊ?

नेटपॅकवाला
आणि मीटवर काय करणार? तिथे एकट्या होस्टला चॅट पाठवताच येत नाही, लिहिलेलं सगळ्यांना दिसतं.

सिंहगडरोडकर
आमचं झूमच आहे, म्हणून वाचले. सोमवारपासून पावणेसातला बसते आणि दहा-दहा जण घेते. खासगी उत्तरांचं मात्र आधी पालकांना विचारूनच ठरवेन. सर अजूनही “लाड” म्हणतायत.

पेठेतला मास्तर
त्यांना पावणेसातला बसवा. पंधरा मिनिटं फुकट शिकवायचं म्हटलं की कोण कोणाचे लाड करतंय ते कळेल. पगार वाढवून मागा, बाई.